नासाडीचा कागद

मी शिकलेली म्हणाल तर सातवी. बाकीचं सगळं बघून बघून. नवरा सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता, त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. सासरचे म्हणाले गावी ये, माहेरचे म्हणाले इकडे ये, पण दोन्हीकडून पुन्हा कोणी बोलवायला आलं नाही, म्हणून मी आहे तिथेच, आमच्या कॉलनीतल्या एका खोलीत राहिले. शेजारणीने बेकरीत पॅकिंगला चिकटवून दिलं. ब्रेड मेणकागदात गुंडाळायचा आणि कागदाची टोकं तापलेल्या पत्र्यावर टेकवून चिकटवायची. पहिल्या महिन्यात बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती.

आमची बेकरी कारखान्यांच्या कॅन्टीनला ब्रेड पुरवायची. पहाटे कणीक मळायला घेत, दुपारी ब्रेड तयार, दुसऱ्या पाळीची माणसं आत शिरायच्या आत गाड्या सुटत. शेठ म्हातारे होत चालले होते. त्यांचा पुतण्या कॉलेज शिकून आला आणि त्याने एक छापील तक्ता आणला. वर इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. तो म्हणायचा यील्ड रिपोर्ट. आम्ही सगळे म्हणायचो नासाडीचा कागद.

तो कागद मला कसा मिळाला तेही सांगते. पुतण्याने विचारलं, इथे बेरीज कोणाला येते? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी गुंडाळलेल्या ब्रेडचा हिशोब तोंडी सांगायची. मग मला गोदामाच्या शेजारी प्लायवूडची एक खोली करून दिली. टेबल, खुर्ची, भिंतीला एक छोटी खिडकी, ती आत कामाच्या जागेवर उघडणारी. पॅकिंगला आम्ही सहा बायका होतो, दिवसभर एकमेकींच्या सुना-नणंदा उकरायचो. त्याच आता मला 'बाई आल्या, बाई गेल्या' असं म्हणायला लागल्या. डबासुद्धा मी एकटीनेच खायला लागले. बढती म्हणतात ती ही.

कागद सोपा होता. सकाळी किती मैदा शिल्लक, गोदामातून किती पोती दिली, संध्याकाळी किती उरला. पहिले दोन मिळवायचे, तिसरा वजा करायचा, म्हणजे वापरलेला मैदा. साखर, मीठ, यीस्ट, तूप यांचंही तसंच. हे झालं डावीकडे. उजवीकडे बाहेर काय पडलं ते. चांगले ब्रेड किती, जळके किती, चेपलेले किती, साच्यातून काढताना फुटलेले किती. जळके-फुटके वेगळे मोजायचे, फेकायचे नाहीत, त्यांचे टोस्ट व्हायचे. आणि दोन्ही बाजूंचा मेळ घालायचा.

त्याचं गणित मिस्त्रींनी मला शिकवलं. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य कारागीर, पन्नाशीचे, सटाण्याकडचे. बायको-मुलं गावी, हे इथे बेकरीमागच्या खोलीत. इतकी वर्षं नाशकात काढली तरी मधूनच 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. ते रोज अकराला, शेवटची कणीक फुगायला ठेवली की, एक रिकामा तुपाचा डबा उपडा घालून माझ्या खिडकीखाली बसायचे आणि आकडे तोंडी सांगायचे. दोन कप चहा यायचा. एक खिडकीतून आत, एक बाहेर.

"नव्वद किलोचं पोतं," ते सांगायचे. "त्यात पाणी त्रेपन्न लिटर धरा. साखर, मीठ, यीस्ट, तूप मिळून आठेक किलो. किती झालं?"

"एकशे एक्कावन्न."

"त्यातलं तीन किलो सोडून द्या. काही यंत्राला चिकटतं, काही फुगताना उडतं. राहिलं एकशे अठ्ठेचाळीस. एक गोळा चारशे पंचावन्न ग्रॅमचा. भट्टीत पाणी जाऊन ब्रेड बाहेर येतो चारशेचा, वर दोन-तीन ग्रॅम. आता भागा."

मी भागायची. सव्वातीनशे. एका पोत्याला सव्वातीनशे ब्रेड, चांगले-वाईट सगळे धरून. तो आकडा माझ्या डोक्यात असा बसला की स्वप्नातही यायचा.

"फुगताना उडतं म्हणजे कुठे उडतं हो?" मी एकदा विचारलं.

"ते देवाले," ते म्हणाले. "त्याच्या रकान्यात लिहा. आणि बाई, तुमच्या या कागदात मी किती ग्रॅम?"

"तुम्ही नासाडीत," मी म्हटलं. ते हसत हसत उठले, डबा पायाने सरकवला आणि गेले.

खरं सांगते, तेवढं अकराचं बोलणं सोडलं तर मी दिवसभरात कोणाशी धड बोलायची नाही. संध्याकाळी खोलीवर गेलं की कुलूप काढल्याचा आवाज तेवढा. प्रत्येक कामगाराला रोज एक ब्रेड मिळायचा. मला एकटीला तो संपायचा नाही, म्हणून मी चार-पाच दिवसांनी एक घ्यायची आणि पुरवून पुरवून खायची.

जूनमध्ये कागद सुरू झाला. पावसाळाभर आकडा सव्वातीनशेच्या आसपासच राहिला. कधी दोन कमी, कधी एक जास्त. पुतण्या खूश होता. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि आकडा खाली आला. तीनशे पंधरा. दुसऱ्या दिवशी तीनशे सोळा. परत पंधरा. आम्ही रोज सहा पोती लावायचो, म्हणजे रोज साठेक ब्रेड कमी. जळके-फुटके वाढले नव्हते. साठ ब्रेड म्हणजे खिशातून नेता येण्यासारखी वस्तू नाही.

पुतण्याने मला बोलावलं. "बाई, कोणाला काही विचारायचं नाही. विचारलं की सावध होतात. तुम्ही फक्त मोजा."

मी मोजलं. आठ दिवस पोती काट्यावर चढवली, रिकामी बारदानंही वजन करून वजा केली, मैदा नव्वद किलो पुरेपूर होता. पाण्याची मापं बघितली. मग मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला केवढा अभिमान वाटला काय सांगू. ब्रेड भट्टीत जाण्याआधी कणकेचे गोळे साच्यात भरतात, ते साचेच मी मोजले. तिथेच पोत्यामागे तीनशे पंधरा. म्हणजे घट भट्टीत नव्हती, पॅकिंगला नव्हती, गाडीवर नव्हती. मैदा बरोबर गेला, कणीक बरोबर मळली, आणि गोळे कापेपर्यंत कणीक कमी झाली. कागदात शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता, तो तोवर कायम कोरा असायचा. त्यात मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: घट कापण्याच्या टेबलावर.

कापण्याच्या टेबलावर मिस्त्री असायचे. तराजू त्यांचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात कणीक. हे मला लिहिताना माहीत नव्हतं का? होतं. पण मी मनात म्हटलं, मी माणसाचं नाव कुठे लिहिलंय, टेबलाचं लिहिलंय.

आणि त्या आठ दिवसांत रोज अकराला ते खिडकीखाली येऊन बसत होते. चहा पीत होते. गावी थोरलीचं लग्न ठरतंय, पाहुणे देवळ्याचे आहेत, हे सांगत होते. मी हं हं करत होते. एकदा म्हणाले, "बाई, तब्येत बरी शे ना?" मी म्हटलं, थंडी आहे.

शनिवारी मिस्त्री रविवारपुरते गावी निघाले, तेव्हा फाटकावर त्यांची पिशवी तपासली. सगळ्यांसमोर. पुतण्याने स्वतः उपडी केली. दोन ब्रेड निघाले, एक धोतर आणि दंतमंजनाची डबी. एक ब्रेड त्यांचा आणि दुसरा भट्टीवाल्याचा, तो रजेवर होता, वाटेत त्याच्या घरी पोचवायला घेतलेला. ते मागाहून कळलं. त्या वेळी मिस्त्रींनी धोतर उचलून झटकलं. वाकून एकेक वस्तू पिशवीत भरली. माझ्या पॅकिंगच्या मैत्रिणी एका बाजूला उभ्या होत्या, मी दुसऱ्या बाजूला. त्यांच्यातली एक मला ऐकू जाईल असं म्हणाली, "कागद लय बोलका निघाला."

सोमवारपासून मिस्त्रींना टेबलावरून काढून भट्टीवर उभं केलं. पुतण्याने सांगितलं, एक तारखेला नवा मिस्त्री येतोय, तोवर यांना ठेवतोय. तारखेला दहा दिवस होते. त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याला पंधरा.

टेबलावर दुसरा माणूस लावला. आणि सोमवारी संध्याकाळी मी भागाकार केला तर आकडा तीनशे चोवीस. मंगळवारी तीनशे सव्वीस.

"बघा बाई," पुतण्या म्हणाला, "माणूस हलवला, माल परत आला. एवढं शिकलेल्या लोकांना जमत नाही ते तुम्ही केलंत."

म्हणजे सिद्धच झालं की. मलाही तसंच वाटलं. वाटलं की एवढे महिने आपण एका चोराबरोबर चहा प्यालो. आणि तरी मला अकरा वाजले की खिडकीकडे बघवेना. डबा उपडा तिथेच पडलेला. त्यावर कोणी बसत नव्हतं.

मंगळवारी मी माझा ब्रेड घरी नेला. खोलीत आधीचा एक होताच, शुक्रवारी आणलेला. तो फोडलाच नव्हता, फाटकावरच्या त्या प्रकारानंतर मला घास जाईना. दोन्ही ब्रेड ओट्यावर शेजारी ठेवताना दोन हातांत दोन आले, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जुना जड लागत होता.

आता बेकरीत राहिलेल्या माणसाला एवढं कळतं की ब्रेड जसा शिळा होतो तसा हलका होतो. मेणकागदात असला तरी रोज ग्रॅम दोन ग्रॅम पाणी जातंच. चार दिवसांचा ब्रेड आजच्यापेक्षा जड कसा? मी चपला घातल्या आणि दोन्ही घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, ब्रेड काय परत करताय का?" मी म्हटलं, वजन कर फक्त.

जुना चारशे पाच. नवा तीनशे पंच्याण्णव.

मी रस्त्यातच उभी राहिले. चार दिवसांपूर्वी जुना असेल चारशे दहा. आजच्यापेक्षा पंधरा ग्रॅम वर. म्हणजे गोळा चारशे सत्तरचा. एकशे अठ्ठेचाळीस किलोला चारशे सत्तरने मनातल्या मनात भागलं. तीनशे पंधरा. अगदी नेमका.

कणीक कुठे गेलीच नव्हती. ब्रेडमध्येच होती. मी ब्रेड मोजले होते, ब्रेडचं वजन एकदाही केलं नव्हतं. पाच महिने बेरजा-वजाबाक्या केल्या, आणि जी वस्तू विकतो ती तराजूत टाकायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीपाशी गेले. मी तिकडे सहसा जात नसे. मिस्त्री लांब फळीने साचे आत सरकवत होते.

"मिस्त्री, तुम्ही गोळा किती ग्रॅमचा कापत होता?"

त्यांनी फळी खाली ठेवली नाही. "हिवाळ्यात?"

"हो."

"चारशे सत्तर. दिवाळी ते होळी. वजनाच्या पारड्याला खालून कणकेचा पेढा लावायचा, पंधरा ग्रॅमचा. रोज ताजा. सुकला की हलका होतो."

"पण का?"

"इकडची थंडी कोरडी शे. गार होताना ब्रेड जास्त सुकतो. तीन वर्षांमागं वजनमापवाले आले, दहा ब्रेड तोलले, सात कमी भरले. शेठ माझ्यासमोर हात जोडून उभे होते त्यांच्यापुढं. ते गेल्यावर मला म्हणाले, परत कमी भरलं तर तू आणि मी दोघं घरी. तेव्हापासून लावतो पेढा. माझ्या उस्तादानं शिकवलेलं."

"मग पुतण्याला सांगितलं का नाही? पिशवी उपडी केली तेव्हा तरी?"

त्यांनी साचा नीट बसवला, भट्टीचं दार लावलं. "चोर ठरवल्यावर सांगायचं, त्याला काय अर्थ? आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आठ दिवस तुमच्या खिडकीखाली बसलो होतो की बाई. तुम्हाला तर मी पहिल्यापासून सगळं सांगत आलो."

मी तिथूनच काट्याकडे वळले.

त्याच दुपारी मी आदल्या दिवशीचे दहा ब्रेड आणि त्या दिवशीचे दहा ब्रेड काट्यावर घातले. आदल्या दिवशीच्या दहांपैकी सहा चारशेच्या खाली. सगळं कागदावर लिहिलं. पुतण्याकडे न जाता सरळ शेठच्या घरी, गंगापूर रोडला गेले. बस चुकली म्हणून चालतच. शेठ अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. मी कागद पुढे केला आणि घट कुठे आहे ते सांगितलं. पेढ्याचं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "विसरलो मी. तो विसरला नाही."

मग विचारलं, "टेबलावर घट, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"हं," म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री परत टेबलावर आले. नव्या मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. पुतण्याने त्यांच्याकडे जाऊन काहीतरी पुटपुटलं, खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रींनी मान हलवली. लेकीच्या साखरपुड्याला चार दिवसांची रजा मिळाली. कागदात मी एक नवी ओळ घातली: हिवाळी जादा वजन, गोळ्यामागे पंधरा ग्रॅम. ती धरली की मेळ तंतोतंत बसायचा. पुतण्याने छापखान्यातून नवे तक्ते आणले, त्यात ती ओळ छापूनच आली.

त्या दिवशी अकराला मी दोन कप चहा सांगितला. एक आत घेतला, एक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मिस्त्री आले. हातात एक चिठ्ठी होती. त्यांना लिहायची सवय नव्हती, आकडे मोठे मोठे, लहान मुलासारखे काढलेले. मैदा, पाणी, गोळे, गोळ्याचं वजन. चिठ्ठी कट्ट्यावर ठेवली.

"सगळं लिहिलंय, बाई," म्हणाले. "आता विचारावं लागणार नाही."

रागाने नाही म्हणाले. राग असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. मी म्हटलं, "मिस्त्री, चहा." ते म्हणाले, "कणीक फुगलीय, जातो."

मी माफी मागितली नाही असं नाही. दोन-तीनदा मागितली. ते दर वेळी म्हणायचे, "अहो बाई, तुमचं काय चुकलं, तुमचं काम ते." आणि खरंच तसं म्हणायचे, मनापासून. पण डब्यावर बसले नाहीत. पुढे त्या डब्यात कोणीतरी रद्दी मेणकागद भरायला लागलं. वर्ष-दीड वर्षाने मी चहा एकच सांगायला लागले.

सात वर्षं रोज चिठ्ठी आली. पाऊस असो, गावाहून येताना गाडी चुकलेली असो, कट्ट्यावर चिठ्ठी. आकड्यात एक चूक नाही. पुतण्या दुसऱ्या बेकरीवाल्यांना आमचे कागद दाखवायचा, म्हणायचा, बघा, नासाडी कशी पकडतात. थोरलीला मूल झालं, धाकटा नोकरीला लागला, हे मला पॅकिंगच्या बायकांकडून कळायचं, तेही त्या आपसात बोलताना.

मग एका होळीच्या आधी ते गावी जायला निघाले, कायमचे. गुडघे गेले होते. सकाळी पेढे वाटले, खरे, दुधाचे. माझ्या खिडकीशी आले आणि एक कट्ट्यावर ठेवला.

"बाई, पारड्याचा पेढा परवा काढायला सांगा नव्या माणसाला. होळी झाली की नको."

"सांगते," मी म्हटलं. मग म्हटलं, "मिस्त्री, थोडं बसता का?"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. बसायला काही नव्हतं. डबा केव्हाच भंगारात गेला होता. मी माझी खुर्ची उचलून दारातून बाहेर आणेपर्यंत रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "बरं शे."

संध्याकाळी मी कागद भरला. सहा पोती, मेळ बरोबर, चेपलेले नऊ, जळके चार. शेऱ्याच्या रकान्याशी पेन किती वेळ धरून बसले होते. शाईचा एक ठिपका पडला, तेवढाच. खाली सही केली, खुर्ची आत घेतली आणि दिवा मालवला.